रागाचं कार्ड, भीतीचं कार्ड

नमस्कार, श्रोतेहो. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल, तर एखादी जुनी लग्नपत्रिका शोधा. जाड कागदाची, मागून कोरी. तिचे तळहाताएवढे चार तुकडे कापा आणि त्यांवर चार चेहरे काढा: हसरा, रडका, रागावलेला आणि घाबरलेला. बाजारात वीस-वीस चेहऱ्यांचे संच मिळतात, पण सुरुवातीला चार पुरेत. या वयात हसरा चेहरा चटकन ओळखता येतो. घाबरलेला मात्र आश्चर्याचा वाटू शकतो.

चित्रकला येत नसली तरी भुवया तेवढ्या नीट काढा. रागात त्या नाकाकडे खाली उतरतात आणि ओठ घट्ट मिटतात. भीतीत त्या वर चढतात, डोळे मोठे होतात.

आता आरशासमोर बसा. मुलानं कार्ड उचलायचं आणि तसं तोंड करायचं. मग तुमची पाळी. हे जमलं की चिऊ-काऊची गोष्ट सांगा. घर वाहून गेलेला कावळा पावसात दाराशी उभा आहे. त्याचा चेहरा कुठला? एक मूल रडका देईल, दुसरं रागावलेला. दोन्ही बरोबर. ‘का रे?’ एवढंच विचारा. खरी माहिती त्या उत्तरात असते.

समजा, मिक्सर लावला की तुमची मुलगी किंचाळते, आईला फटके मारते. आपण म्हणतो, किती हट्टी! नंतर ती शांत झाल्यावर, पोटात काही गेल्यावर, कार्डं समोर मांडा. ‘मिक्सर घर्रर्र झाला तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं?’ तिनं घाबरलेलं कार्ड उचललं, तर उपाय बदलतो. रागावण्याऐवजी आधी सांगायचं, ‘आता आवाज येणार, कान झाक.’ हवं तर बटण तिलाच दाबू द्यायचं. फटके मात्र चालणार नाहीत, हे तेव्हाही सांगायचंच.

ऐन आकांतात कार्डं काढू नका. ती फेकली जातात, आणि पुढे ती नुसती दिसली तरी मूल चिडतं. तेव्हा जवळ बसा, कमी बोला.

काही मुलं दरवेळी हसराच चेहरा देतात. आपल्याला तेच आवडतं, हे त्यांनी ताडलेलं असतं. अशा वेळी विचारणं थांबवा आणि स्वतःचं कार्ड लावा. फ्रिजवर रागावलेला चेहरा चिकटवून बाबांनी म्हणावं, ‘आज बस चुकली, मला फार राग आला. मग पाणी प्यायलो, जरा चाललो.’ आजीनंही लावावं. आज्यांना हा खेळ फार आवडतो, असं दिसतं.

एका वेळी एकच कार्ड मागा. ‘आनंदही झाला आणि भीतीही वाटली’ असं एका दमात सांगणं चौथ्या वर्षी बहुतेकांना जड जातं. पाचवं कार्ड कधी करायचं? चारही चेहरे नाकारून मूल म्हणेल, ‘यातलं नाही,’ तेव्हा. ते त्यालाच काढू द्या.