आत्यांचा अंगठा

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी जेवताना माझ्या लेकीने विचारलं, "आई, साताऱ्याची आजी आपला प्रत्येक फोटो लाईक करते. मग ती आपल्याशी बोलत का नाही? तिला राग आलाय का?" साताऱ्याची आजी म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. तो म्हणाला, "अगं, तिला सगळं कळतंच की फेसबुकवर." त्या 'कळतंच की' वरून आमचं दोघांचं चांगलंच वाजलं, आणि आज इथे उभी राहिले तरी ते डोक्यातून गेलेलं नाही.

आपण न्यू जर्सीत रात्री आठला फोटो टाकतो, तेव्हा साताऱ्यात उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आत्या उठलेल्या असतात. चहा व्हायच्या आत त्यांचा अंगठा येतो. रागावलेलं माणूस असं करत नाही. पण मग फोन का येत नाही? याचं अर्धं उत्तर जुन्या आयएसडीत आहे. भारतातून फोन लावणं तेव्हा फार महाग होतं, म्हणून फोन परदेशातल्यानेच करायचा आणि तिकडच्यांनी वाट बघायची, अशी रीत पडली. आपण रांगा लावून कॉलिंग कार्डं घ्यायचो, आठवतं ना? आता फोन फुकट झाला, पण रीत तशीच राहिली. आत्यांच्या मनात अजूनही आहे की पोरं कामात असतील, जेवत असतील, आपण कशाला मध्ये पडा.

उरलेलं अर्धं उत्तर मला त्यांच्याकडूनच मिळालं. सोमवारी मी त्यांना व्हॉइस मेसेज पाठवला: "आत्या, तुमच्यासारखी कटाची आमटी होत नाही, माझी पाणचट लागते. काय करू?" मुद्दाम असा प्रश्न, ज्याचं उत्तर अंगठ्याने देता येत नाही. एकापाठोपाठ एक मेसेज आले. कटात चमचाभर पुरण कालव, कांदा-खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाज, चिंच शेवटी घाल. मग गुडघा. मग शेजारचं घर विकलं गेलं ते. आणि सगळ्यात शेवटी, "तुमचे फोटो बघून कळतं तुम्ही मजेत आहात. मग मी काय विचारणार गं?"

मंडळी, हे वाक्य मला फार लागलं. बोलणं सुरू करायला काहीतरी निमित्त लागतं: बाळ कसं आहे, नवं घर केवढं आहे, गणपतीला काय केलंत? ते सगळं आपण आधीच चारशे लोकांसमोर सांगून टाकलेलं असतं. समोरच्याला विचारायला काही उरत नाही, म्हणून तो अंगठा दाबून 'मी आहे' एवढंच कळवतो.

फेसबुकवर लाईकचं बटण २००९ साली आलं. २०१६ साली मॉइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट या संशोधकांनी फेसबुक वापरणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी लिहिलेल्या शब्दांचा संबंध लोकांना बरं वाटण्याशी दिसला, नुसत्या लाईकचा दिसला नाही. मला यात आत्यांचा दोष दिसत नाही. पण त्यांचा अंगठा बघून 'बोलणं झालं' असं आपण धरतो, तेव्हा दोन्हीकडे उपासमार होते.

प्रत्येक अंगठ्यामागे एवढीच माया असते, असंही नाही. कुणी सवयीने दाबतं, कुणी न वाचता दाबतं. कुणी रुसून बसलेलं असतं आणि 'मी तरी करते, तुम्ही तेही करत नाही' असा हिशेब ठेवतं. एक नेमका प्रश्न विचारला की बराच उलगडा होतो. जो बुजलेला असतो, तो भरभरून बोलतो. ज्याला नकोच असतं, तो प्रश्नालाही अंगठाच देतो. मग त्याच्या मागे लागू नये. आणि रोज अंगठा देणारं माणूस अचानक गप्प झालं, तर त्याच दिवशी फोन करावा.

आता थोडं रागावते. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एकाने वडील गेल्याचं कळवलं. जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या घरी डबा घेऊन किती जण गेले? दाराची बेल वाजवायला आपण कधीपासून बिचकायला लागलो?

आत्यांचं एक बरं आहे, त्यांच्याकडे कटाची आमटी आहे, जुनी ओळख आहे, तुटलेला धागा पुन्हा धरता येतो. पण माझी लेक आणि तिची पुण्यातली चुलत भावंडं इन्स्टाग्रामवर एकमेकांचं सगळं लाईक करतात आणि आजवर कधी एकमेकांशी बोललेली नाहीत. पुन्हा सुरू करायला त्यांच्यात आधीचं काहीच नाही. त्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारावा, हे मला अजून सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे जमलं असेल, तर जेवणाच्या वेळी मला जरूर सांगा.