पोटरीचे तंतू तिरके का?

नमस्कार श्रोतेहो. शक्य असेल तर जमिनीवर मांडी घालून बसा. एक पाय दुसऱ्यावर आणताना मांडीच्या पुढच्या बाजूने तिरका उतरणारा एक लांबलचक, पट्ट्यासारखा स्नायू कामाला लागतो. तो कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघून गुडघ्याच्या आतल्या बाजूला, नडगीच्या हाडावर संपतो. त्याचं नाव सार्टोरियस. लॅटिनमध्ये सार्टोर म्हणजे शिंपी. मांडी घालून शिवत बसणाऱ्या शिंप्यावरून हे नाव पडलं.

आता उठून एका पायाच्या चवड्यावर उभे राहा. पोटरीत खोलवर, टाचेच्या जाड कंडरेच्या वर, सोलियस नावाचा रुंद आणि चपटा स्नायू आखडून घट्ट होतो. आज आपण या दोघांची तुलना करणार आहोत. दोन्ही स्नायूंचं मांस एकाच जातीचं आहे. फरक आहे तो तंतूंच्या मांडणीत.

सार्टोरियसमध्ये तंतूंच्या जुड्या स्नायूच्या लांबीला समांतर धावतात आणि त्यांची लांबी सुमारे 40 सेंटिमीटर भरते. सोलियसमध्ये त्या जेमतेम साडेचार सेंटिमीटरच्या असतात आणि कंडरेच्या पडद्यांना तिरक्या, साधारण 28 अंशांच्या कोनात चिकटलेल्या असतात. केळीचं पान डोळ्यांसमोर आणा. मधला दांडा म्हणजे कंडरा, आणि त्याच्यापासून कडेकडे जाणाऱ्या तिरक्या शिरा म्हणजे तंतू. शिरा आखूड असतात, पण किती दाट! हीच पिसासारखी, म्हणजे पिच्छाकार रचना.

तंतू आखूड असण्याने काय होतं? प्रत्येक तंतू हा एकापुढे एक जोडलेल्या अतिसूक्ष्म आकुंचन-कप्प्यांची साखळी असतो. साखळी कितीही लांब केली तरी तिची ओढ एका कप्प्याइतकीच राहते, कारण प्रत्येक कप्पा पुढच्यालाच खेचत असतो. पण प्रत्येक कप्पा थोडा थोडा आखडला की सगळ्यांचं आखडणं बेरजेत येतं. म्हणून लांब साखळी जास्त अंतर ओढते आणि वेगानेही ओढते. ताकद वाढवायची तर साखळ्या शेजारी शेजारी लावाव्या लागतात. म्हणजे ताकद ठरते किती तंतू शेजारी आहेत यावर, आणि हालचालीचा पल्ला ठरतो तंतू किती लांब आहेत यावर.

आता हिशेब करू. हे आकडे वृद्धांच्या मृतदेहांवर केलेल्या मोजमापांतून आलेले आहेत, त्यामुळे तरुण पायात ते मोठे असतील. सोलियसचं वजन सुमारे 275 ग्रॅम आणि सगळ्या तंतूंच्या आडव्या छेदांची बेरीज 52 चौरस सेंटिमीटर. एक चौरस सेंटिमीटर स्नायू साधारण सव्वादोन किलो वजनाइतका ओढतो असं धरलं, तर सोलियसची ओढ होते सुमारे 117 किलो. सार्टोरियसचं वजन 78 ग्रॅम, पण छेद फक्त 2 चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून त्याची ओढ साडेचार किलोच्या घरात. वजन साडेतीनपट, ओढ मात्र पंचवीसपटीहून जास्त.

समजा, सोलियसचं तेच 275 ग्रॅम मांस आपण सार्टोरियससारखं 40 सेंटिमीटर लांब तंतूंमध्ये मांडलं. छेद उरतो साडेसहा चौरस सेंटिमीटर आणि ओढ सुमारे 15 किलो. 60 किलोच्या माणसाने एका पायावर टाच उचलताना चवडा घोट्यापासून सुमारे 12 सेंटिमीटर पुढे असतो, आणि टाचेची कंडरा 5 सेंटिमीटर मागे. तरफेच्या नियमाने कंडरेत 144 किलोची ओढ हवी. पोटरीतला दुसरा मोठा स्नायू, गॅस्ट्रॉक्नेमियस, साधारण 70 किलो देतो. खऱ्या सोलियससह बेरीज 187 होते आणि टाच उचलली जाते. आपल्या काल्पनिक सोलियससह ती 85 होते, आणि टाच जमिनीवरच राहते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तंतू तिरके आहेत म्हणून जास्त ओढतात, असं अनेकदा सांगितलं जातं. ते चूक आहे. तिरकेपणाने नुकसानच होतं, कारण 28 अंशांच्या कोनात तंतूंची फक्त 88 टक्के ओढ कंडरेच्या दिशेला पोचते. वर दिलेल्या 52 मध्ये हे नुकसान आधीच धरलेलं आहे. फायदा आहे तो दाटीचा. तिरकं लावल्यामुळे आखूड तंतू त्याच जागेत कितीतरी जास्त बसतात, आणि त्या फायद्यापुढे 12 टक्क्यांची तूट किरकोळ ठरते. याच कारणाने पोटरीचा घेर टेपने मोजून तिच्या ताकदीचा अंदाज बांधणं फसवं असतं. टेप पायाला आडवी जाते, तंतूंना नाही.

पल्ल्याचं काय? टाच वर नेताना घोटा 30 अंश वळला तर कंडरेला सुमारे अडीच सेंटिमीटर सरकावं लागतं. साडेचार सेंटिमीटरच्या तंतूला हे फार झालं. इथे तिरकेपणा थोडी भरपाई करतो. स्नायूचं आकारमान आकुंचनात बदलत नाही, हे डेन्मार्कचे शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी 1667 मध्येच समांतरभुज चौकोन काढून मांडलं होतं. सोलियसची जाडी कायम राहिली असं धरा. मग तंतू 1 सेंटिमीटर आखडताना आणखी उभा होतो, 28 अंशांवरून 37 च्या पुढे जातो, आणि कंडरा जवळजवळ 1.2 सेंटिमीटर सरकते. तरीही टाच पूर्ण वर असताना तंतू फार आखडलेले असतात आणि त्यांची ओढ घटते.

आखूड तंतूंची आणखी एक अडचण प्लास्टर उतरवल्यावर दिसते. स्नायू अनेक आठवडे आखडलेल्या स्थितीत बांधून ठेवला तर साखळीतले कप्पे कमी होतात. 1972 मध्ये मांजरांच्या सोलियसवरच्या प्रयोगांत 4 आठवड्यांत सुमारे 40 टक्के कप्पे गेल्याचं आढळलं. प्लास्टर काढल्यावर ते पुन्हा भरूनही आले. 40 सेंटिमीटरच्या तंतूतून 1 सेंटिमीटर गेला तर कळणारही नाही. साडेचारमधून गेला तर जवळपास पाव भाग गेला, आणि उकिडवं बसताना टाच टेकत नाही. म्हणूनच, हाडाची स्थिती परवानगी देत असेल तर, घोटा काटकोनात ठेवून प्लास्टर घालण्याकडे कल असतो.

टाच टेकत नसेल तर अडतंय कुठे, हे असं ओळखा. आधी गुडघा सरळ ठेवून पाऊल हाताने नडगीकडे वळवा, मग गुडघा वाकवून तेच करा. गॅस्ट्रॉक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकला की तो सैल पडतो. सोलियस गुडघ्याच्या खालूनच सुरू होत असल्याने त्याला फरक पडत नाही. गुडघा वाकवल्यावर पाऊल मोकळं झालं तर आखडलेला आहे गॅस्ट्रॉक्नेमियस. दोन्ही वेळा अडलं तर सोलियस किंवा खुद्द घोट्याचा सांधा. अशा वेळी भिंतीला हात टेकून पोटरी ताणताना मागचा गुडघा किंचित वाकवा आणि टाच जमिनीवर ठेवा, म्हणजे ताण सोलियसपर्यंत पोचतो. ताण पोटरीच्या खालच्या भागात जाणवायला हवा. तो घोट्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखा जाणवला, तर अडथळा सांध्यात असण्याची शक्यता जास्त. मग ताणणं थांबवून फिजिओथेरपिस्टकडून घोटा तपासून घ्या.