टाइलची झाक आणि भिंतीचा रंग

नमस्कार श्रोतेहो.

नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा हॉलमध्ये बहुधा दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आधीच बसवलेल्या असतात. रंग आयव्हरी किंवा क्रीम, वर चकचकीत पॉलिश. भिंतींचा रंग मात्र आपण हौसेनं शेड कार्डावरून निवडतो. त्या वेळी टाइल समोर नसते, आणि घोटाळा तिथेच होतो. फरशी उखडणं खर्चाचं आणि धुळीचं काम, म्हणून रंग टाइलकडे बघूनच ठरवायला हवा.

सगळ्यात आधी टाइलची झाक ओळखा. 'क्रीम' म्हणून विकलेल्या टाइलमध्ये कधी पिवळी झाक असते, कधी गुलाबी, कधी हिरवट राखाडी. नुसतं बघून ती कळत नाही. दिवसा सगळे दिवे बंद करा, खिडकीजवळची टाइल पुसून कोरडी करा आणि तिच्यावर पांढरा कोरा कागद ठेवा. कागदाशेजारी टाइल कुठल्या रंगाकडे झुकते ते लगेच दिसतं. टाइलमधल्या बारीक रेषांचा रंगही बघा, कारण खरी झाक पुष्कळदा त्यांच्यातच असते.

एका घराचं उदाहरण सांगतो. हॉल पश्चिमेकडचा, टाइल आयव्हरी, तिच्यात फिकट बदामी रेषा. घरच्यांनी निळसर राखाडी रंग पसंत केला होता. शेड कार्डावर तो सुरेखच होता. भिंत रंगवण्याआधी आम्ही दोन फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर प्राइमर लावला, रंगाचे दोन हात दिले, पूर्ण वाळू दिलं आणि प्लाय स्कर्टिंगला टेकवून उभा केला. नवीकोरी टाइल एकदम पिवळट, जुनाट दिसायला लागली. टाइलमध्ये काहीच बदललं नव्हतं. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून बघतो, त्यामुळे निळसर भिंतीशेजारी क्रीम पिवळं पडतं. कडक पांढऱ्या भिंतीशेजारीही क्रीम टाइल अशीच मळकी वाटते.

मग घरच्यांचं म्हणणं आलं, टाइलचाच रंग मशीनवर जुळवून घेऊ. तोही प्लायवर लावून पाहिला. दिवसा बरा जुळला, रात्री दिवे लागल्यावर भिंत आणि टाइल वेगळ्या पडल्या. रंगातली रंगद्रव्यं वेगळी, टाइलमधली वेगळी, त्यामुळे एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटू शकतात. शिवाय टाइल चकचकीत, भिंत मॅट. साडीला जवळपास जुळणारा ब्लाउज जसा खटकतो, तसंच हे. माझं स्पष्ट मत आहे की टाइलचा हुबेहूब रंग भिंतीला देऊच नये. झाक तीच ठेवावी आणि उजळपणात नजरेला कळेल इतका फरक ठेवावा.

शेवटी तिथे टाइलपेक्षा दोन-तीन पायऱ्या फिकट, बदामी झाकेचा ऑफ-व्हाइट तीन भिंतींना घेतला. राखाडीची हौस होतीच, म्हणून टीव्हीच्या भिंतीला तपकिरीकडे झुकणारा राखाडी दिला. दोन्ही रंग त्या टाइलशेजारी शांत बसले.

प्लाय उभाच ठेवायचा, जमिनीवर आडवा टाकायचा नाही, कारण भिंतीवर उजेड बाजूनं पडतो. जुन्या भिंतीवर पट्टा मारून बघू नका. आजूबाजूचा जुना रंग नजरेला फसवतो. ओल्या रंगावरूनही ठरवू नका, इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं. सकाळी, ऊन हॉलमध्ये येतं तेव्हा आणि रात्री, असं तिन्ही वेळा बघा. उन्हात चकचकीत टाइल स्वतःचा रंग भिंतीच्या खालच्या भागावर फेकते. भिंतही पिवळी घेतली असेल तर दुपारी सगळा हॉलच पिवळा होतो. पश्चिमेच्या हॉलमध्ये हे हमखास दिसतं.

स्कर्टिंग त्याच टाइलचं असेल तर टाइल आणि रंग थेट एकमेकांना भिडतात, म्हणून मी प्लाय तिथे टेकवायला सांगतो. स्कर्टिंग गडद तपकिरी असेल तर मधे एक रेघ येते आणि रंग निवडायला थोडी मोकळीक मिळते.

राहिले दिवे. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. ६५०० च्या उजेडात क्रीम टाइल फिकी, निर्जीव दिसते. ३००० मध्ये तिची पिवळी झाक वाढते. क्रीम टाइलच्या हॉलला ४००० चा दिवा मला बरा वाटतो. दिवे आधी ठरवून लावा आणि रात्रीची पारख त्याच दिव्यांखाली करा. रंग लावून झाल्यावर दिवे बदलले, तर प्लायवर पाहिलेलं भिंतीवर दिसणार नाही.