संध्याकाळचे दोन चमचे

शेकरमध्ये थंड पाणी, त्यात काठोकाठ भरलेला चमचाभर गुलाबी पावडर आणि मग मनगटाचे चार झटके. पुण्यातल्या या जिममध्ये संध्याकाळी साडेसहाला हे दृश्य जवळजवळ प्रत्येक बाकावर दिसते. डब्याच्या मागे, बारीक अक्षरांत, एका चमच्यात २०० मिलिग्रॅम कॅफिन असल्याचे छापले आहे. म्हणजे साधारण तीन कप इन्स्टंट कॉफी एका दमात.

पडद्यावरच्या या तरुणाचे वजन ७० किलो आहे. व्यायामाला बळ मिळावे म्हणून शरीराच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन घेतले जाते, तेव्हा एक चमचा त्याच्यासाठी खालच्या मर्यादेच्या आसपासच आहे. रक्तातले प्रमाण शिगेला पोहोचायला बहुधा पाऊण ते एक तास लागतो, म्हणून साडेसहाला पिऊन साडेसातला तो बारखाली उभा राहतो. वेळेचा हा हिशेब त्याने अगदी बरोबर बसवला आहे.

दिवसभर जागे असताना मेंदूत अडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि पेशींवरच्या ठरावीक जागांना, म्हणजे ग्राहींना, चिकटून थकव्याची जाणीव करून देते. कॅफिन त्या जागा आधीच अडवून बसते. अडेनोसिन मात्र साठतच राहते. फक्त त्याचा निरोप पोहोचत नाही, आणि बारवरची शेवटची दोन आवर्तनेही निघतात. परंतु रोजच्या सेवनाला शरीर सरावते, काही आठवड्यांत त्याच चमच्याचा परिणाम फिका पडू लागतो, आणि पहा, आता शेकरमध्ये दुसरा चमचा पडतो आहे.

इथून हिशेब बदलतो. निरोगी प्रौढाच्या शरीरातले निम्मे कॅफिन उतरायला सरासरी पाच तास लागतात, कुणाला याहून बरेच कमी, तर कुणाला बरेच जास्त. साडेसहाला ४०० मिलिग्रॅम घेतलेला हा तरुण साडेअकराला दिवा मालवतो, तेव्हा सुमारे २०० मिलिग्रॅम अजून शरीरात असते : जणू त्याने अंथरुणावर बसूनच पहिला चमचा प्यायला. त्याला झोप लागते, म्हणूनच त्याला शंका येत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निजण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमने उपकरणावर मोजलेली झोप तासाहून अधिक घटली, पण सहभागींच्या स्वतःच्या नोंदींत ती घट नीट उमटलीच नाही. गाढ झोपही कमी होते, आणि दुसऱ्या दिवशीचा शीण पुन्हा शेकरकडे नेतो.

त्याचे प्रशिक्षक आता कॅफिन सकाळच्या जड सत्रांपुरतेच ठेवायला सांगतात. रोजचा चमचा एकदम बंद केल्यास दिवसभरातच डोके ठणकू लागते आणि ते आठवडाभरही टिकू शकते, त्यामुळे ते मात्रा अर्ध्या-अर्ध्या चमच्याने खाली आणत आहेत.