लहान मुलांचा परफ्यूम आणि मानेवरचं पुरळ

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला मेडिकल चालवते. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. आज लहान मुलांच्या परफ्यूमबद्दल बोलायचंय, कारण हल्ली शाळा सुरू झाली की काउंटरवर दोन प्रकारचे आईबाप येतात, एक विचारतात किड्स परफ्यूम आहे का, आणि दुसरे पोराची मान दाखवून विचारतात यावर काय लावू.

तर मागच्या वर्षीचं एक उदाहरण सांगते. सहावीतली मुलगी, आई घेऊन आली. मानेच्या दोन्ही बाजूंना आणि कानामागं लाल, खाजणारे चट्टे, कातडी खरखरीत झालेली. आई म्हणाली, ताई, नायटा झालाय, ती ट्यूब द्या, मागं शेजारच्यांनी आणलेली त्यानं दोन दिवसात गेलं होतं पण परत आलं. आता ती ट्यूब म्हणजे स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक सगळं एकात कालवलेलं क्रीम. स्टिरॉइडनं लाली कुठलीही असो, दोन दिवस दबतेच, म्हणून "गेलं होतं" याचा अर्थ नायटा होता असा होत नाही. मी ट्यूब दिली नाही आणि मुलीलाच विचारलं, बाळा, इथं काय लावतेस रोज? ती आईकडं बघून हसली. वाढदिवसाला गुलाबी बाटली मिळालेली, रोज शाळेला जाताना मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक फुसफुस.

बघायचं कसं ते सांगते. नायटा असेल तर गोल कडा असते, कडेला जास्त लाल आणि मधे जरा साफ, आणि तो हळूहळू बाहेर पसरतो. गळ्यातल्या खोट्या चेनचा त्रास असेल तर बरोबर चेनच्या रेषेत उठतं. परफ्यूमचं मात्र जिथं फवारा पडतो तिथंच असतं, मानेच्या बाजू, कानामागं, मनगटं, आणि दोन्हीकडं जवळजवळ सारखं. अजून एक प्रकार आहे, काही परफ्यूममधे बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीतल्या फळाचं तेल असतं, ते लावून उन्हात गेलं की ओघळ आलाय तसा तपकिरी डाग राहतो आणि जायला महिने लागतात. आपल्याकडं एप्रिलमधे ऊन काय असतं ते मी सांगायला नको.

आता पोरांना परफ्यूम लावावा की नाही हा वाद नक्की कशावरून आहे? बहुतेकांना वाटतं अल्कोहोलवरून. म्हणून कंपन्यांनी पोरांसाठी पाण्यात बनवलेले, अल्कोहोल-फ्री परफ्यूम काढले. फ्रान्समधे तर बाळांना सुगंधी पाणी लावायची पद्धत जुनीच आहे, आणि 2023 मधे दिओरसारख्या कंपनीनं बाळांसाठी सेंट काढला, किंमत 200 डॉलरच्या पुढं, तेव्हा पेपरात बरीच चर्चा झाली. अल्कोहोल काढल्यानं कातडी कमी कोरडी पडते, झोंबत नाही, बाटली पेट घेत नाही, हे सगळं खरं. पण त्या मुलीच्या मानेवर जे उठलेलं ते अल्कोहोलचं नव्हतंच, ते वासाचं होतं, आणि वास दोन्ही बाटल्यांत असतोच की.

होतं काय, काही वासाचे रेणू कातडीतून आत शिरतात आणि शरीर त्यांना ओळखून ठेवतं. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. आठवडा, दोन आठवडे, कधी कित्येक महिने रोज लावून काहीच होत नाही, आणि मग एकदा शरीरानं तो रेणू शत्रू म्हणून नोंदवला की पुढच्या वेळी लावल्यावर एक-दोन, कधी तीन दिवसांनी खाज आणि पुरळ. म्हणून आया म्हणतात, अहो पण ती तर चार महिने लावतीय, आत्ताच कसं होईल? ॲलर्जीचं असंच असतं. झोंबणं वेगळं, ते लावल्या लावल्या मिनिटात कळतं आणि धुतलं की निवतं. ॲलर्जी उशिरा उठते, म्हणून दोष कालच्या भज्यांना नाहीतर शाळेच्या पाण्याला जातो.

आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, ही नोंद सहसा पुसली जात नाही. दहाव्या वर्षी ॲलर्जी बसली तर तोच रेणू पुढं साबणात, शाम्पूत, क्रीममधे, लग्नातल्या मेकअपमधे, सगळीकडं टाळत बसायचं. त्वचेचे डॉक्टर लहान वयात रोज सुगंध लावायला नको म्हणतात त्याचं मुख्य कारण माझ्या मते हे आहे. शिवाय पोरांचं वजन कमी आणि त्या मानानं कातडीचा पसारा जास्त, त्यामुळं तेवढ्याच फवाऱ्याचा डोस किलोमागं मोठ्या माणसापेक्षा जास्त बसतो.

मग बाटलीवर वाचून कळेल का? अर्धवटच. आपल्याकडच्या लेबलवर बऱ्याचदा नुसतं "परफ्यूम" किंवा "फ्रॅग्रन्स" एवढाच शब्द असतो, आणि त्या एका शब्दात पन्नास रेणू बसलेले असू शकतात. युरोपात 2005 पासून ॲलर्जी करणाऱ्या 26 सुगंधी घटकांची नावं वेगळी छापावी लागतात, कातडीवर राहणाऱ्या मालात 0.001 टक्क्याच्या वर असले तर. 2023 च्या नियमानं ती यादी 80 च्या वर नेली. म्हणून इंपोर्टेड बाटलीवर लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, युजेनॉल अशी नावं दिसतात, आणि लोकांना वाटतं की अरे हिच्यात केमिकल जास्त! उलट तिथं निदान कळतं तरी.

यातलं लिनालूल लॅव्हेंडरमधे असतं, लिमोनीन संत्र्याच्या सालीत असतं. म्हणजे "नॅचरल" लिहिलं म्हणून सुटका नाही, रेणू तोच. वर हे दोन रेणू ताजे असताना फारसे त्रासाचे नसतात, हवा लागून त्यांचं ऑक्सिडेशन झालं की खरे उपद्व्यापी होतात. म्हणून अर्धी झालेली, खिडकीत उन्हात ठेवलेली, दोन वर्षं पडून असलेली बाटली पोराला देऊन टाकायची, जी आपण हमखास करतो, ती सगळ्यात वाईट. आणि मिरजेच्या उरुसात अत्तर घेतो ना आपण, ते तर तेलकट, त्याचा फाया पोराच्या कानात खोचायचा तर कानाच्या पाळीला ते दिवसभर चिकटून राहतं. हौस असेल तर फाया खिशात ठेवा की.

बरं, त्या मुलीचं काय झालं. गुलाबी बाटली बंद केली, आठवड्यात थोडं कमी झालं आणि तिथंच थांबलं. आई परत आली वैतागून. मग नीट विचारलं तेव्हा कळलं की शाम्पू वासाचा, केसाचं तेल वासाचं, आणि युनिफॉर्मची कॉलर कंफर्टसारख्या सुगंधी लिक्विडमधे बुडवून वाळवलेली, म्हणजे मान दिवसभर वासातच. हे सगळं बदललं. साधं खोबरेल, बिनवासाचा साबण, कपडे नुसत्या पावडरमधे पण दोनदा खंगाळून. त्वचेच्या डॉक्टरांनी सौम्य मलम थोड्या दिवसांसाठी दिलं आणि साधारण तीन आठवड्यांत मान साफ. नंतर त्यांनी पॅच टेस्ट केली, पाठीवर छोट्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि अजून एक-दोन दिवसांनी परत बघतात, कारण ॲलर्जी उशिरा उठते हे मघाशी बोललोच. वासाच्या मिश्रणाला तिची पाठ लाल झाली.

बिनवासाचं घेताना एक बघा, "अनसेंटेड" लिहिलेल्या मालात कधी कधी मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो. "फ्रॅग्रन्स-फ्री" शोधा आणि तरी मागची यादी वाचा. "हायपोॲलर्जेनिक" या शब्दावर मी तरी एक रुपया जास्त देणार नाही.

आता शाळेत जाणाऱ्या पोरांना वास हवा असतो, तो त्यांचा हट्ट मला समजतो, मैत्रिणी लावतात, मित्र चिडवतात. पण आठ-नऊ वर्षांपर्यंत पोरांच्या घामाला मोठ्यांसारखा वास येतच नाही, काखेतल्या त्या ग्रंथी वयात येताना जाग्या होतात. त्या आधी वास येतो तो कपड्यांना, मोज्यांना. पॉलिस्टरचा शर्ट वास धरून ठेवतो, तो उलटा करून धुवा, कडक उन्हात वाळवा, मोज्यांचे जोड रोज बदला. सहावी-सातवीत काखेला खरंच वास यायला लागला तर अंघोळीत तिथं साबण, मग ओल्या काखेवरून तुरटीचा खडा एकदा फिरवायचा, खरचटलेलं नसेल तर, आणि मग नीट कोरडं करायचं. खेळून आल्यावर बनियन बदलायचं. आणि मुलीला आठच्या आत किंवा मुलाला नऊच्या आत काखेत वास आणि केस दोन्ही दिसले तर मात्र डिओ शोधू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

हौसेचा वास कातडीवर नको, कपड्यावर ठेवा. युनिफॉर्मच्या आतल्या घडीवर एक फवारा, डाग पडतो का ते आधी कोपऱ्यात बघून, आणि पूर्ण वाळल्यावरच घालायचा. रुमालात मोगऱ्याची चार फुलं ठेवा. कपाटात कपड्यांमधे वाळ्याची जुडी ठेवा, ती वर्षभर टिकते. मोगऱ्यातही यातले काही रेणू असतात हो, पण ते रुमालात असतात, मानेवर नाही. आणि गॅसचा डिओ व्हॅनमधे किंवा वर्गात मारू देऊ नका, शेजारच्या पोराला दमा असेल तर त्याची छाती भरते.

नवीन बाटली लावायचीच असेल आणि पोराला एक्झिमा, दमा नसेल, तर कोपराच्या आतल्या बाजूला पाच रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावून बघा. मधेच खाज, लाली आली तर तिथंच बंद. ज्या बाटलीनं एकदा पुरळ उठलंय ती मात्र परत लावून खात्री करायला जाऊ नका.

शेवटी बाटलीची जागा. मोठ्यांच्या परफ्यूममधे साधारण 80 टक्के अल्कोहोल असतं. 15 एमएलची छोटी बाटली म्हणजे 12 एमएल अल्कोहोल, जवळजवळ 30 एमएल व्हिस्कीच्या पेगात असतं तेवढं, आणि घरातलं दहा किलोचं धाकटं गोड वासाला भुलून ते तोंडाला लावू शकतं. लहान पोराची साखर त्यानं झपकन खाली येते. प्यायलेलं दिसलं तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा, पोर हसतंय खेळतंय म्हणून थांबू नका. आणि देवघराजवळ, समई जळत असताना फवारा मारायचा नाही. नमस्कार.