परत आलं ते चित्र, गेला तो फोटो

पत्रिकेवर विषय 'फोटो, संमती आणि कायदा' असा छापलाय. कायद्याकडे येतोच, पण त्याआधी माझ्या भाचीच्या बालवाडीतली एक हकीकत सांगायची आहे, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

मार्च २०२५ मध्ये जिब्ली शैलीच्या चित्रांची लाट आली. चॅटजीपीटीला फोटो द्यायचा, मिनिटाभरात रंगीत चित्र हातात. तुमच्यापैकी किती जणांनी केलं? हात वर करा, कुणी रागावणार नाही. बरेच आहेत की! तर त्याच दिवसांत एका बाबांनी स्नेहसंमेलनातल्या फोटोचं तसं चित्र करून पालकांच्या ग्रुपवर टाकलं. रंगमंचावर सात मुलं: एक वासुदेव, दोन कोळिणी, एक छोटे शिवराय, बाकीचे मावळे. ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. मग एका आईने विचारलं, "माझ्या मुलाचा फोटो न विचारता का दिलात?" उत्तर आलं, "अहो ताई, फोटो कुठे दिलाय? चित्र टाकलंय फक्त." पाठोपाठ बाकीचे, "जाऊ द्या हो, कशाला वाढवता." ती बाई गप्प बसली. मला याचा राग आजही आहे. ती बरोबर होती, आणि साध्या प्रश्नासाठी तिला भांडखोर ठरवलं गेलं.

परत काय आलं ते सगळ्यांनी पाहिलं. गेलं काय? गेला मूळ फोटो, पूर्ण आकाराचा. नंतर त्या बाबांबरोबर बसून मी तो मोठा करून पाहिला. वासुदेवाच्या अंगरख्यावर नाव आणि तुकडी लिहिलेला बिल्ला होता. मागच्या फलकावर शाळेचं नाव, खाली गाव. फोटोच्या माहितीत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, आणि नकाशावर टाचणी थेट शाळेवर, कारण कॅमेऱ्याचं लोकेशन चालू होतं. चित्रात यातलं काही नव्हतं. बिल्ल्यावरची अक्षरं तर वेड्यावाकड्या रेघा झाली होती. म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. ते बाबा भले गृहस्थ आहेत. तेही गप्प झाले.

इथे एक बारकावा सांगतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. गॅलरीतून थेट दुसऱ्या ॲपला दिला तर बहुतेकदा सोबत जाते. स्क्रीनशॉट काढून तो दिलात तर ही छुपी माहिती जात नाही. पण बिल्ला, फलक आणि चेहरा जातातच. ते कापावे लागतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, कायदा भराभर घेतो.

आपला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा. विदा म्हणजे डेटा. अठरा वर्षांखालचं प्रत्येकजण त्यात बालक. कलम ९ म्हणतं, बालकाचा विदा हाताळण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. ही जबाबदारी कंपनीवर आहे. एखाद्या व्यक्तीने घरगुती, खासगी कामासाठी केलेला वापर कलम ३ मध्ये वगळलाय, त्यामुळे त्या बाबांना हा कायदा सहसा धरणार नाही. उलट अशा सेवांच्या अटींमध्ये फोटो देणाराच कबूल करतो की, हा द्यायचा हक्क मला आहे. सात मुलांपैकी सहांच्या बाबतीत तो हक्क त्या बाबांकडे नव्हता. बटण दाबताना संमती एका माणसाची घेतली जाते, चेहरे सातांचे जातात. माझा मुद्दा एवढाच आहे.

"नंतर डिलीट करू" म्हणाल, तर अमेरिकेतलं एव्हर नावाचं फोटोॲप पाहा. लोकांच्या फोटोंवर त्यांनी चेहरे ओळखणारी प्रणाली शिकवली, आणि खाती बंद केलेल्यांचेही फोटो ठेवून दिले. २०२१ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फोटोंसोबत त्यांवर घडवलेली मॉडेलंही नष्ट करायला लावली. त्यासाठी सरकारी यंत्रणा लागली; आपल्या डिलीटच्या बटणाने मॉडेल पुसलं जात नाही. चॅटजीपीटीत सेटिंग्जमध्ये Data controls खाली Improve the model for everyone हे बंद करता येतं. पण ते फोटो देण्याआधी बंद करायचं, कारण ते पुढच्या संभाषणांना लागू होतं. आणि बंद केलं तरी फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातोच.

मित्रांच्या फोटोलाही हेच लागू. सहलीच्या फोटोत पाच जण असतील तर पाचांना विचारा, आणि नेमकं विचारा: "हा फोटो अमुक ॲपवर टाकून चित्र करतोय, चालेल का?" नुसतं "फोटो टाकू का?" विचारलं तर समोरच्याला ग्रुप वाटतो. एखादा नाही म्हणाला तर त्याला कापून मगच द्या. आणि मूल सात-आठ वर्षांचं असेल तर आईबाबांबरोबर त्यालाही विचारा. नको असेल तर ते स्वच्छ सांगतं.

अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न असतील त्यांनी खाली ग्रंथालयाच्या खोलीत या, फोन घेऊन या. फोटोतलं लोकेशन कसं पाहायचं ते प्रत्येकाच्या फोनवर दाखवतो.