जळलेली मोटर उघडता येते का?

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, शाश्वत विकासावरचा निबंध तुम्हाला लिहायचा आहे, म्हणून रेषीय आणि चक्रीय अर्थव्यवस्थेतला फरक सांगा, असं मला सांगण्यात आलं. व्याख्या दोन वाक्यांत होते. खाणीतून काढा, वस्तू बनवा, वापरा, टाका, ही सरळ रेष. तीच वस्तू, तिचे भाग किंवा तिचा माल पुन्हा पुन्हा वापरात ठेवला की चक्र. पण हे चक्र फिरणार की तुटणार, हे भंगाराच्या दुकानात ठरत नाही. डिझायनरनं पहिलं ड्रॉइंग काढलं तेव्हाच ते बरंचसं ठरलेलं असतं. आज एकच वस्तू घेऊन आपण हे पाहू. ती आपल्या जिल्ह्यात जवळपास प्रत्येक उसाच्या रानात आहे: बोअरमधली सबमर्सिबल मोटर.

साडेसात एचपीची मोटर घ्या. वजन साधारण पन्नास किलो, त्यात पाच-सहा किलो तांब्याची तार, बाकी स्टेनलेस स्टीलची नळी, पातळ पत्र्यांचं स्टॅम्पिंग, रोटर आणि बिडाचे भाग. रात्री वीज येते, व्होल्टेज पडलेलं असतं, कधी एक फेज गेलेला असतो, स्टार्टरमधलं संरक्षण कुणीतरी तार लावून बंद केलेलं असतं. मोटर जळते. जळतं काय? फक्त तारेवरचं आवरण. पन्नास किलोतलं पंचेचाळीस किलो जसंच्या तसं चांगलं असतं.

आता दोन प्रकारच्या मोटरी बाजारात मिळतात. पहिली पाणी भरलेली. तिच्या तारेवर प्लॅस्टिकचं जलरोधक आवरण असतं आणि ती तार स्टेटरच्या स्लॉटमधून हातानं ओवलेली असते. व्हार्निश नाही, डिंक नाही. बोल्ट काढले की वरचं-खालचं बेअरिंग हाउसिंग सुटतं, रोटर बाहेर येतो, तारेची टोकं कापली की आतली तार ओढून काढता येते. उद्यमनगरात असं काम रोज चालतं. दुसऱ्या प्रकारात स्टेटर पातळ स्टीलच्या डब्यात बंद करून आत रेझिन ओतलेलं असतं. ती मोटर जळली की तार काढता येत नाही, कारण तार, स्टॅम्पिंग आणि रेझिन यांचा एकच दगड झालेला असतो. पूर्ण स्टेटर बदलायचा किंवा मोटरच.

रेझिनवाल्या डिझाइनवर मी सरसकट टीका करणार नाही. पाण्याचा तारेशी संबंध येत नाही, उष्णता बाहेर जायला मदत होते आणि ती जळतेही कमी. वीज स्थिर असेल तिथं ती चांगली. पण जिथं मोटर जळण्याचं मुख्य कारण मोटरीबाहेर, विजेच्या लाइनवर आहे, तिथं जळल्यावर उघडता येणारं डिझाइन जास्त शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्विस वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल आणि त्यांच्या सहकारी जेनेव्हिव्ह रेडे या दोघांनी 1976 साली युरोपियन आयोगाला दिलेल्या अहवालात दुरुस्तीच्या बाजूचा हिशेब मांडला होता. खाणीपासून कच्चा माल तयार करण्यात ऊर्जा जास्त आणि माणसं कमी लागतात, आणि दुरुस्तीत उलट: माणसं जास्त, ऊर्जा कमी. जळलेली तार काढून नवी भरतात त्या रिवायंडिंगच्या दुकानात हे डोळ्यांनी दिसतं. एक कारागीर मांडी घालून बसलेला, समोर उभा स्टेटर, आणि तो एकेक टर्न मोजत तार ओवतोय.

पण इथं थांबलात तर निबंध अर्धा राहील. दुरुस्ती वाईट झाली तर चक्र फिरूनही तोटा होतो. आकडा करून पाहू. साडेसात एचपी म्हणजे 5.5 किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता 80 टक्के असेल तर ती लाइनवरून 6.88 किलोवॅट घेते. कारागिरानं स्लॉटमध्ये तार सहज बसावी म्हणून एक गेज बारीक तार वापरली, तिचा रोध वाढला आणि कार्यक्षमता 78 वर आली, असं धरू. आता ती 7.05 किलोवॅट घेते. वर्षाला हजार तास मोटर चालली तर सुमारे 175 युनिट जास्त जळतात. कोळशावरच्या केंद्रात एक युनिट विजेसाठी साधारण तीन युनिट उष्णता लागते, म्हणजे सव्वापाचशे युनिट. दुसऱ्या बाजूला, खनिजापासून पोलाद बनवायला किलोमागे 20 ते 25 मेगाज्यूल लागतात. आपण वाचवलेल्या पंचेचाळीस किलोचे होतात साधारण हजार मेगाज्यूल, म्हणजे पावणेतीनशे युनिट. स्टेनलेस आणि स्टॅम्पिंगला याहून जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे हा आकडा ढोबळ समजा. तरीही एका बारीक तारेनं सगळी बचत पहिल्या एक-दोन वर्षांतच खाल्ली. मोटर त्यानंतरही कित्येक वर्षं चालणार आहे.

म्हणून दुरुस्ती चांगली झाली की नाही हे तपासता आलं पाहिजे. तिन्ही फेजचा रोध सारखा आहे का, नवी तार दिवसभर पाण्यात ठेवून मेगरवर इन्सुलेशन टिकतं का, आणि पंप न जोडता मोटर चालवली तर ती किती अँपिअर घेते. तो करंट पूर्वीपेक्षा वाढला असेल तर टर्न कमी पडले किंवा बुश खाल्ले गेले, असा संशय घ्यायचा. तार बारीक पडली असेल तर ते मात्र रोधावरच कळतं. कोरड्या मोनोब्लॉक मोटरीत आणखी एक धोका आहे. तिच्या तारेला व्हार्निश असतं, ते सोडवायला टॉर्चनं जाळतात. आच जास्त झाली की स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधलं आवरण जळतं आणि लोखंडातली हानी कायमची वाढते. पाण्याच्या मोटरीत जाळायची वेळच येत नाही. व्हार्निश न वापरण्याच्या एका निर्णयानं हे साधलं.

शेवटी मोटर भंगारात जातेच, आणि तिथंही तोच प्रश्न उभा राहतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत भंगार वितळवून नवं ओतकाम होतं, ही आपली जुनी ताकद आहे. पण तांब्यासकट लोखंड भट्टीत गेलं तर ते तांबं परत काढता येत नाही. ऑक्सिजन दिला तर आधी लोखंड जळतं, तांबं तसंच राहतं. ग्रे आयर्नमध्ये थोडं तांबं चालतं, मुद्दाम घालतातही. पण लवचिक, फेरिटिक एसजी आयर्नच्या ओतकामात तेच तांबं पर्लाइट वाढवतं, तुकडा कडक होतो आणि लांबणी कमी पडते. ताण-चाचणीत माल नापास होतो तेव्हा कळतं. तार ओढून काढता आली असती तर तांबं स्वच्छ तांबं राहिलं असतं आणि लोखंड स्वच्छ लोखंड. रेझिनच्या दगडातून मात्र दोन्ही वेगळं करायला तोडणं, चिरडणं आणि मग निवडणं आलं. दुरुस्तीला अडवणारं डिझाइन पुनर्वापरालाही अडवतं.

आमच्या भागात एका शेतकऱ्याची मोटर तिसऱ्यांदा जळून आली होती. कारागिरानं तार काढताना टर्न मोजले आणि वहीत लिहिले. शेजारच्या दुकानातल्या जुन्या वहीत त्याच मॉडेलचा आकडा वेगळा होता. कारण सरळ होतं. आधीच्या माणसानं टर्न कमी केले होते, आणि पुढचा प्रत्येक जण ती चूक मूळ डिझाइन समजून उतरवत आला. खरा आकडा कंपनीकडे होता. पाटीवर एचपी होतं, हेड होतं, व्होल्टेज होतं, टर्न नव्हते, गेज नव्हतं. त्या दिवशी त्या कारागिरानं बरोबर आकडे शोधून मोटर भरली आणि ते पंचनं स्टीलच्या नळीवर ठोकून ठेवले: टर्न, गेज, कॉइलचा पिच. पुढच्या माणसाला वही शोधावी लागू नये म्हणून.